प्लास्टरमधल्या हाताचा एक्स-रे: फट का वाढलेली दिसते?

पंचवटीतून मावसभावाचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. खिडकीच्या काचेला टेकवलेली एक्स-रे फिल्म आणि तिच्याआडून दिसणारे समोरच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे. खाली लिहिलं होतं, "तीन आठवडे झाले. फट आधीपेक्षा मोठी दिसतेय. हाड जुळत नाहीये का रे?" त्याचा दहा वर्षांचा मुलगा सायकलवरून पडला होता आणि कोपर ते मनगट यांच्यामधली दोन्ही हाडं मोडली होती.

मी एक्स-रे काढतो, निदान करत नाही. त्यामुळे त्याच्या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर मी दिलं नाही. पण फोटोत काय दिसतं आणि ते तसं का दिसतं, एवढं सांगता येतं. त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

मोडलेलं हाड जुळलं की नाही, हे शेकडो वर्षं बोटांनीच ठरत आलं. आपल्याकडचे हाडवैद्यही तेच करायचे. डब्लिनच्या अब्राहम कोलेस यांनी 1814 साली मनगटाजवळच्या फ्रॅक्चरचं वर्णन लिहिलं, तेही हात चाचपून, कारण आतलं दाखवणारं काही नव्हतंच. 1851च्या सुमारास डच लष्करी डॉक्टर मॅथाइसेन यांनी कोरडी प्लास्टर पावडर चोळलेल्या पट्ट्या ओल्या करून गुंडाळायची पद्धत आणली. हात नीट स्थिर राहू लागला, पण चाचपायची जागाच झाकली गेली. आत काय चाललंय ते प्लास्टर उतरवल्यावरच कळायचं.

रॉन्टगेन यांना 1895च्या नोव्हेंबरात क्ष-किरण सापडले. तीन महिन्यांच्या आतच, 3 फेब्रुवारी 1896 रोजी, अमेरिकेत डार्टमथ इथे स्केटिंग करताना पडलेल्या 14 वर्षांच्या मुलाच्या हाताचा फोटो काढला गेला. त्याचं करंगळीकडचं हाड, म्हणजे अल्ना, मोडलं होतं. हात वीस मिनिटं एका जागी ठेवावा लागला. आज सेकंदाचा अंशही पुरतो.

तेव्हापासून हाड दिसू लागलं, पण ते डोळ्यांनी वाचणं हे वेगळंच काम निघालं. प्लास्टर स्वतःही किरण अडवतं. त्याचा खरबरीत पांढरा थर हाडावर पडतो आणि बारीक रेषा झाकतो. फायबरचं प्लास्टर त्या मानाने कमी अडवतं. त्यात फोन तिरका धरला की वाकण्याचा कोन बदललेला वाटतो, आणि काचेवरची चमक तर हाडाची कडच पुसून टाकते. भावाच्या फोटोत अंगठ्याकडच्या हाडाची एक कड अशीच गायब होती.

आता फटीचं. हाड मोडलं की टोकांजवळच्या पेशी मरतात आणि शरीर तो मेलेला भाग खाऊन टाकतं. म्हणून दोनेक आठवड्यांनी फट खरोखरच रुंद दिसू शकते, हाड जुळत असतानाही. त्याच सुमारास बाजूने नवं हाड, म्हणजे कॅलस, तयार होऊ लागतं. आधी ते मऊ असतं, त्यात चुना नसतो, म्हणून एक्स-रेत दिसत नाही. चुना भरू लागला की हाडाभोवती धुकट पांढरा ढग दिसतो. मुलांमध्ये तो साधारण दोन-तीन आठवड्यांत दिसू लागतो, मोठ्यांमध्ये उशिरा.

पुढे तो ढग घट्ट होऊन फटीवर पूल बांधतो. डॉक्टर समोरून आणि बाजूने अशा दोन फिल्म घेतात. प्रत्येकीत हाडाच्या दोन कडा, म्हणजे एकूण चार. त्यांतल्या तीन कडांवर पूल दिसला तर जुळल्याचं सहसा मानतात. एकाच फिल्मचा फोटो पाठवला तर निम्म्या कडा कुणीच पाहिलेल्या नसतात.

तरीही बोटांचं काम सुटलेलं नाही. प्लास्टर काढल्यावर त्या जागी दाबून दुखतं का, हाड हलतं का, हे डॉक्टर आजही पाहतात. कधी हात बोटांना पक्का लागतो आणि फिल्म मात्र मागे राहते.

माझ्या मते या काळात फटीपेक्षा जास्त लक्ष हाड सरकण्याकडे हवं. सूज उतरली की प्लास्टर सैल होतं. फिल्मवर कातडी आणि प्लास्टर यांच्यामध्ये काळी पोकळी दिसते. अशा पोकळीत हाड पुन्हा वाकू शकतं, म्हणूनच पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पुन्हा पुन्हा फिल्म काढतात. ते कळतं फक्त आधीच्या फिल्मशी ताडून. एकट्या फिल्मवरून नाही.

मी भावाला लिहिलं, "पहिल्या दिवसाच्या दोन्ही फिल्म घेऊन डॉक्टरांकडे जा आणि हाड सरकलंय का, एवढंच विचार. बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा दुखणं अचानक वाढलं, तर मात्र फोटो काढत बसू नकोस, तडक ने."

दहा मिनिटांनी पहिल्या दिवसाची फिल्मही आली. त्याच काचेवर, त्याच कपड्यांसकट. या वेळी फिल्म उलटी धरलेली होती.