गोळी तीच, मग नाडी अचानक मंद का?

रक्तदाबासाठी किंवा हृदयविकारासाठी रोज गोळी घेणाऱ्यांची नाडी मंद असणं यात आश्चर्य काही नाही. बऱ्याचदा ती गोळी दिलेलीच असते त्यासाठी. गोंधळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. पाच वर्षं तीच गोळी, तेवढाच डोस, नाडी साठच्या आसपास. आणि एका आठवड्यात ती ४२ वर येते. घरचे म्हणतात, "औषध तर काही बदललेलं नाही." औषध बदललेलं नसतं, पण ते शरीरात साचत गेलेलं असतं.

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो. ठोक्याचा विद्युत संदेश तिथून निघतो, वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये असलेल्या दुसऱ्या पुंजक्यापाशी क्षणभर थांबतो आणि मग खाली उतरतो. जिना चढताना किंवा घाबरल्यावर रक्तात ॲड्रेनॅलिन वाढतं, ते या पेशींवरच्या बीटा नावाच्या ग्राहकांना, म्हणजे संदेश टिपणाऱ्या जागांना, चिकटतं आणि ठोके वाढतात. बीटा ब्लॉकर गटातली औषधं हेच ग्राहक अडवून बसतात. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल, नेबिवोलॉल, कार्व्हेडिलॉल ही त्यातली नेहमीची नावं. स्ट्रिपवर मोठ्या अक्षरात कंपनीने दिलेलं नाव असतं, त्याच्याजवळच्या बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव सापडतं. ते "लॉल"ने संपत असेल तर ते बहुधा बीटा ब्लॉकर असतं. हल्ली एकाच गोळीत दोन-दोन औषधं असतात, त्यामुळे बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचावीत.

रक्तदाबाच्या गोळ्यांचा दुसरा गट म्हणजे कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर. त्यांची गोष्ट थोडी फसवी आहे, कारण या एकाच नावाखाली दोन वेगळ्या स्वभावाची औषधं येतात. ॲम्लोडिपिन किंवा सिल्निडिपिन मुख्यतः रक्तवाहिन्या सैल करतात. ॲम्लोडिपिनने पावलांवर सूज येऊ शकते, पण नाडी सहसा मंद होत नाही. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल मात्र थेट हृदयावर काम करतात. वर सांगितलेल्या दोन्ही पुंजक्यांतल्या पेशी कॅल्शियमच्या प्रवाहावर चालतात आणि ही औषधं तो प्रवाहच कमी करतात. म्हणून बीटा ब्लॉकर आणि यांपैकी एक औषध सोबत घेतलं तर एकाच जागेवर दोन बाजूंनी दाब येतो, वरचा संदेश खाली पोचेनासा होऊ शकतो. डॉक्टर कधी मुद्दाम ही जोडी देतात, पण ईसीजीवर लक्ष ठेवून. एक गोळी एका डॉक्टरांची आणि दुसरी दुसऱ्यांची, आणि दोघांना एकमेकांच्या चिठ्ठीचा पत्ता नाही, हा प्रकार धोक्याचा. काचबिंदूसाठी दिले जाणारे टिमोलॉलचे थेंबही बीटा ब्लॉकरच आहेत. डोळ्यातून ते नाकात आणि तिथून रक्तात उतरतात. "तुम्ही काय काय औषधं घेता?" असं विचारल्यावर डोळ्यांचे थेंब कोणीच सांगत नाही.

आता त्या पाच वर्षांच्या गोळीकडे येऊ. समजा, सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आहेत. सकाळी ॲटेनोलॉल ५० मिलिग्रॅम आणि टेल्मिसार्टन हे रक्तदाबाचं दुसरं औषध ४० मिलिग्रॅम. वहीत नाडी लिहिलेली आहे: ५८, ६०, ५७, ५९. सोमवारी त्यांना जुलाब सुरू होतात, एक-दोन उलट्याही. जेवण जात नाही, पण बीपीची गोळी चुकवायची नाही ही शिस्त पक्की, म्हणून दोन्ही गोळ्या रोज चालू. अशक्तपणा आला म्हणून घरचे दोन वेळा शहाळं देतात. अंग दुखतं म्हणून घरातलीच एक वेदनाशामक गोळी. बुधवारी लघवी कमी झालेली असते, तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. गुरुवारी सकाळी नाडी ४६ आणि दुपारी ४०. आजी विचारलेल्या प्रश्नाला उशिरा उत्तर देतात, उठल्या की डोळ्यांपुढे अंधारी येते.

यात झालं काय? ॲटेनोलॉल शरीराबाहेर जातं ते मुख्यतः मूत्रपिंडातून. निरोगी मूत्रपिंड असेल तर साधारण सहा-सात तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्मं होतं. मूत्रपिंड बरंच मंदावलं तर त्याच कामाला सोळा ते सत्तावीस तास लागतात. जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं, मूत्रपिंडाकडे रक्त कमी पोचलं. अशा वेळी मूत्रपिंड आतला दाब टिकवायची धडपड करतं, पण टेल्मिसार्टन आणि वेदनाशामक गोळी नेमकी तीच धडपड मोडतात. कालची ॲटेनोलॉल अंगात असतानाच आजची पोटात गेली. शिवाय रक्तातलं पोटॅशियम बाहेर टाकणंही मूत्रपिंडाचंच काम. ते अडलं, त्यात टेल्मिसार्टनने पोटॅशियम वाढवलं, आणि शहाळ्याच्या पाण्यात तर ते भरपूर असतंच. एरवी शहाळं निरुपद्रवी, पण या आजींना त्या आठवड्यात नाही. वाढलेलं पोटॅशियम आणि साचलेलं बीटा ब्लॉकर, दोन्ही ठोके मंद करतात आणि एकत्र आले की परिणाम आणखी वाढतो. मंद नाडीमुळे मूत्रपिंडाला रक्त अजून कमी, त्यामुळे औषध अजून साचतं. डॉक्टर या दुष्टचक्राला ब्रॅश सिंड्रोम म्हणतात. त्यात पोटॅशियमचा आकडा फार वाढलेला नसूनही रुग्ण गंभीर असू शकतो, म्हणून घरी "एवढं काही नाही" म्हणत बसण्यात अर्थ नाही. हॉस्पिटलात ईसीजी, पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन बघतात आणि चक्र तोडणारे उपचार लगेच सुरू करतात.

मेटोप्रोलॉलची वाट वेगळी आहे, ते यकृतात मोडतं. तिथे अडथळा येतो तो दुसऱ्या औषधांनी. नैराश्यासाठी दिलेल्या फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिनने मेटोप्रोलॉलचं मोडणं मंदावतं आणि तोच डोस जड पडू लागतो. डिल्टियाझेम, व्हेरापामिल घेणाऱ्यांच्या बाबतीत क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक असाच घोळ करतं. म्हणजे जुनी गोळी तीच राहिली तरी नवीन औषध सुरू झालं की पुढचे काही दिवस नाडी मोजायला हवी.

नाडी मोजणं अवघड नाही, पण घाईत मोजली की आकडा चुकतो. सकाळी, गोळी घेण्याआधी, पाच मिनिटं शांत बसा. चहा त्यानंतर. तळहात वर करा, दुसऱ्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या हाडाच्या आतल्या बाजूला ठेवा. अंगठ्याने मोजू नका, अंगठ्याची स्वतःची नाडी जाणवते. जोरात दाबलं की ठोका दबून जातो, म्हणून हलका हात. ठोके एकसारखे असतील तर तीस सेकंद मोजून दुप्पट करा. मधेच चुकल्यासारखे वाटत असतील तर पूर्ण एक मिनिट मोजा. वहीत तारीख, वेळ, आकडा आणि "एकसारखी" की "चुकत होती" एवढं लिहा.

बीपी मशीन आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर नाडीचा आकडा देतात, पण एक फसगत लक्षात ठेवावी. काही जणांच्या हृदयात मधून मधून वेळेआधी एक कमजोर ठोका पडतो. तो मनगटापर्यंत पोचतच नाही. असा प्रत्येक दुसरा ठोका असेल तर हृदय मिनिटाला ७६ वेळा आकुंचन पावत असताना मशीन ३८ दाखवू शकतं. म्हणून ३८ दिसलं की आधी स्वतः पूर्ण मिनिट मोजा. हाताला तेवढेच ठोके लागले तर घरच्या घरी खरी गोष्ट कळणार नाही, ईसीजीच लागेल. स्मार्टवॉचने पहाटे तीनला ४७ दाखवलं म्हणून झोपलेल्या माणसाला उठवू नये, झोपेत ठोके कमी होतातच. गोळी चालू असताना निवांत बसलेल्या माणसाची नाडी ५० ते ६० मध्ये असणं, आणि चक्कर-थकवा काही नसणं, हे बहुतेकांना चालतं.

महत्त्वाचा असतो तो स्वतःचा नेहमीचा आकडा आणि त्यापासून झालेली घसरण. तब्येत चांगली असताना आठवडाभर मोजून तो ठरवून ठेवा आणि किती खाली गेल्यास फोन करायचा हे डॉक्टरांकडूनच चिठ्ठीवर लिहून घ्या. त्यांनी वेगळं सांगितलं नसेल तर बसल्या जागी पन्नासच्या खाली आकडा दोनदा आला, किंवा नेहमीपेक्षा अचानक बराच उतरला, तर पुढची गोळी घेण्याआधी फोन करावा. आकडा बरा असला तरी नव्याने आलेला थकवा, जिना चढताना पाय न उचलणं, चक्कर हे सांगायलाच हवं. जुलाब-उलट्या, जेवण बंद किंवा लघवी कमी असेल तर नाडी पडायची वाट न बघता पहिल्याच दिवशी फोन करा आणि रोजच्या कोणत्या गोळ्या थांबवायच्या ते विचारा.

चाळीसच्या आसपास किंवा खाली गेलेली नाडी, शुद्ध हरपणं, छातीत दुखणं, दम लागणं, अंग गार पडून घाम फुटणं, बोलण्यात गोंधळ, यांपैकी काहीही असेल तर फोनवर सल्ला घेत बसू नये. माणसाला आडवं करा, दम लागत असेल तर टेकवून बसवा, महाराष्ट्रात १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा, त्याला स्वतः गाडी चालवत जाऊ देऊ नका. ज्यांच्या हृदयाची लय कायमच अनियमित असते (एट्रियल फिब्रिलेशन), त्यांची नाडी एकाएकी मंद आणि घड्याळासारखी एकसारखी झाली तर तीही शंकेची गोष्ट आहे. वरचा संदेश खाली येणं पूर्ण थांबल्याचं ते लक्षण असू शकतं.

नाडी मंद दिसली म्हणून बीटा ब्लॉकर मनाने कायमचं बंद करणं हा मात्र उलटा धोका. महिनोन्महिने अडवलेल्या ग्राहकांची संख्या शरीर वाढवून ठेवतं. गोळी एकदम सुटली की तेवढंच ॲड्रेनॅलिन जास्त जोर करतं. अँजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्याचा त्रास, असलेल्या किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला त्याने पुन्हा छातीत दुखू शकतं, झटकाही येऊ शकतो. डोस कमी करायचा असेल तर डॉक्टर सहसा एक-दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने करतात.

फोन केल्यावर "नाडी कमी आहे" एवढंच सांगू नका. गेल्या चार-पाच दिवसांचे आकडे, आत्ताचा रक्तदाब, शेवटची गोळी किती वाजता घेतली, नवीन कुठलं औषध किंवा थेंब सुरू झाले, जुलाब-उलट्या आहेत का, लघवी किती झाली. आणि सगळ्या स्ट्रिपा हातात घेऊन बारीक अक्षरांतली नावं वाचून दाखवा.