Z₁₂ → Z₁₈ आणि Z₁₈ → Z₁₂: संख्या एकच, यादी वेगळी

Z₁₂ पासून Z₁₈ पर्यंत किती होमोमॉर्फिझम असतात? उत्तर ६. मग Z₁₈ पासून Z₁₂ पर्यंत? तेही ६. दोन्ही वेळी आपण १२ आणि १८ चा मसावि काढतो, आणि मसावि काढताना कोणती संख्या आधी लिहिली याने काही फरक पडत नाही. इथपर्यंत सगळं ठीक चालतं. पुढचा प्रश्न "आता ते सहाही लिहून दाखवा" असा आला की गाडी अडते. वह्या तपासताना मला एक उत्तर वारंवार दिसतं: संख्या अचूक ६, आणि खाली लिहिलेली सहा फलनं उलट्या दिशेची. मोजणी दोन्ही बाजूंनी सारखी येते, म्हणून बाण कुठून कुठे जातोय हे विसरलं तरी चालेल असं वाटू लागतं.

म्हणून आधी मोजणी नेमकी कशी होते ते पाहू, म्हणजे दिशा कुठे शिरते ते दिसेल.

Z₁₂ म्हणजे ० ते ११ या संख्या. बेरीज करायची आणि १२ ने भागून उरलेली बाकी घ्यायची. हा सायक्लिक ग्रुप आहे, कारण १ पुन्हा पुन्हा मिळवत गेलं की सगळे घटक मिळतात. होमोमॉर्फिझम म्हणजे बेरीज सांभाळणारं फलन: f(x + y) = f(x) + f(y). आता १ ची प्रतिमा a ठरली की २ ची प्रतिमा a + a, ३ ची a + a + a, असं सगळंच ठरून जातं. फलन x → ax असंच असावं लागतं, दुसरा पर्याय उरत नाही. a हा Z₁₈ मधला घटक, म्हणजे उमेदवार १८.

पण अठराही चालत नाहीत. Z₁₂ मध्ये १ ची बारा वेळा बेरीज केली की ० येतं, आणि होमोमॉर्फिझमने ० ला ० कडेच न्यायला हवं. म्हणजे a ची बारा वेळा केलेली बेरीज Z₁₈ मध्ये ० यायला हवी. साध्या भाषेत, १२a ला १८ ने निःशेष भाग जायला हवा. ही अट आवश्यक आहे तशी पुरेशीही आहे. Z₁₂ मधला एकच घटक ७ म्हणून लिहा किंवा १९ म्हणून, दोघांत फरक १२ च्या पटीचा असतो. तो फरक a ने गुणल्यावर Z₁₈ मध्ये पुसला गेला, की फलनाला त्या घटकासाठी एकच उत्तर मिळतं.

अट सोडवू. १२ आणि १८ दोन्हींना मसावि ६ ने भागलं की उरतं: २a ला ३ ने भाग जायला हवा. २ आणि ३ परस्पर मूळ आहेत, तेव्हा सगळा भार a वर येतो आणि a ३ च्या पटीत असायलाच हवा. Z₁₈ मध्ये असे सहा: ०, ३, ६, ९, १२, १५.

आता बाण उलटा करा. Z₁₈ पासून Z₁₂ पर्यंत जाताना अट होते: १८a ला १२ ने भाग जायला हवा. ६ ने भागून: ३a ला २ ने भाग जायला हवा, म्हणजे a सम हवा. Z₁₂ मधले सम घटक: ०, २, ४, ६, ८, १०. हेही सहाच.

दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की दिसतं: एका यादीची पायरी ३, दुसरीची २. पायरी ठरवायची रीत एकच आहे: जिथे पोहोचायचं त्या ग्रुपच्या घटकांची संख्या घ्या आणि तिला मसाविने भागा. १८ भागिले ६ म्हणजे ३, १२ भागिले ६ म्हणजे २. किती फलनं आहेत हे फक्त मसावि सांगतो, त्याला दिशेशी देणंघेणं नाही. कोणती फलनं आहेत हे ठरवताना पोहोचण्याचा ग्रुप मध्ये येतो. चूक होते ती निघण्याच्या ग्रुपला मसाविने भागल्यामुळे.

चुकीची यादी ओळखायला फार कष्ट पडत नाहीत. समजा कुणी Z₁₂ → Z₁₈ साठी ०, २, ४, ६, ८, १० लिहिले. x → २x घ्या. Z₁₂ मध्ये ७ + ५ म्हणजे ०, तेव्हा बेरजेची प्रतिमा ० हवी. पण ७ ची प्रतिमा १४, ५ ची १०, बेरीज २४, म्हणजे Z₁₈ मध्ये ६. ० आणि ६ जुळत नाहीत. फलन तिथेच मोडलं. त्या सहांपैकी खरोखर चालणारे फक्त दोन, ० आणि ६.

हिशोब न करताही ही यादी पकडता येते, आणि मला ती खूण जास्त आवडते. दोन होमोमॉर्फिझमची बेरीज केली की पुन्हा होमोमॉर्फिझमच मिळतं, तेव्हा बरोबर यादीतल्या कोणत्याही दोन गुणकांची बेरीज यादीतच सापडायला हवी. Z₁₈ मध्ये १० + २ म्हणजे १२, आणि १२ यादीत नाही. २ च्या पटी Z₁₈ मध्ये १६ पर्यंत जातात, नऊ होतात. सहावरच थांबायचं कारण एवढंच, की उत्तर ६ आहे हे लिहिणाऱ्याला आधीच ठाऊक होतं.

याहून फसवी जागा म्हणजे x → ६x. हे सूत्र दोन्ही दिशांना चालतं, कारण ६ दोन्ही याद्यांत आहे. म्हणून ते एकच फलन आहे असं समजू नका. Z₁₂ → Z₁₈ मध्ये प्रतिमा मिळतात ०, ६, १२ या तीन, आणि ० कडे जाणारे घटक ०, ३, ६, ९ हे चार. Z₁₈ → Z₁₂ मध्ये तेच सूत्र फक्त ० आणि ६ या दोनच प्रतिमा देतं, आणि ० कडे जातात नऊच्या नऊ सम घटक. ६ ची ऑर्डर Z₁₈ मध्ये ३ आहे आणि Z₁₂ मध्ये २, त्यामुळे कागदावर सारखं दिसणारं सूत्र दोन ठिकाणी दोन वेगळी कामं करतं.

मग संख्या दोन्हीकडे सारखी का यावी? समीकरण सुटलं म्हणून, हे उत्तर खरं आहे पण आतलं कारण सांगत नाही. कारण असं: होमोमॉर्फिझमच्या प्रतिमांचा जो उपग्रुप बनतो, त्यातल्या घटकांच्या संख्येने १२ लाही भाग जातो आणि १८ लाही. म्हणजे ती संख्या ६ ची विभाजक: १, २, ३ किंवा ६. सायक्लिक ग्रुपमध्ये प्रत्येक विभाजकासाठी त्या आकाराचा उपग्रुप एकच असतो, आणि त्यात अचूक त्या ऑर्डरचे घटक १, १, २, २ असे असतात. बेरीज ६. थोडक्यात, प्रत्येक फलन Z₁₂ ला आधी दाबून Z₆ इतकं लहान करतं, Z₆ मध्ये काही करतं आणि मग ते Z₁₈ मध्ये बसवतं. उलट्या दिशेतही मधला टप्पा Z₆ च. फरक दाबण्यात आहे: एकीकडे किमान दोन घटक एकत्र येतात, दुसरीकडे किमान तीन. म्हणून या जोडीत एकास-एक फलन कोणत्याच दिशेला नाही, आणि पूर्ण ग्रुप व्यापणारंही नाही.

६ आणि १८ घेतले की दिशांमधला फरक आणखी ठळक होतो. मसावि पुन्हा ६, दोन्हीकडे सहा-सहा फलनं. Z₆ → Z₁₈ मध्ये गुणक ३ च्या पटी, आणि त्यातले ३ व १५ एकास-एक आहेत. व्यापणारं अर्थातच एकही नाही, सहा घटक अठरा जागा कशा भरणार? Z₁₈ → Z₆ मध्ये पायरी १, म्हणजे Z₆ चा कोणताही घटक चालतो. १ आणि ५ व्यापणारी फलनं देतात, पण एकास-एक एकही नाही. प्रश्नात "ऑन्टो किती" असं विचारलं असेल तर मसावि सांगून भागत नाही: पोहोचण्याच्या ग्रुपच्या संख्येने निघण्याच्या ग्रुपच्या संख्येला भाग जातो का ते आधी पाहायचं, जात नसेल तर उत्तर सरळ शून्य.

याच जोडीवर आणखी एक नजर टाकू. बेरजेबरोबर गुणाकारही सांभाळायला सांगितला, म्हणजे रिंग होमोमॉर्फिझम विचारले (१ ची प्रतिमा १ च हवी असा आग्रह न धरता), तर a ने आणखी एक अट पाळायला हवी: a × a = a. Z₆ → Z₁₈ च्या यादीत ही अट ० आणि ९ पाळतात (८१ ला १८ ने भागून बाकी ९), म्हणजे दोन. Z₁₈ → Z₆ मध्ये ०, १, ३, ४, म्हणजे चार. दिशा उलटली आणि संख्याच बदलली. १२ आणि १८ च्या जोडीत मात्र दोन्हीकडे दोन-दोनच येतात, त्यामुळे त्या एकाच उदाहरणावरून नियम बांधला तर फसगत ठरलेली.

आणि सायक्लिक ही अट काढली तर नुसत्या ग्रुपसाठीही समसमान मोजणीची हमी राहत नाही. तीन वस्तूंच्या अदलाबदलींचा ग्रुप S₃ घ्या, सहा घटकांचा. S₃ → Z₂ होमोमॉर्फिझम दोनच: सगळं ० कडे नेणारं, आणि सम-विषम अदलाबदली वेगळ्या करणारं. Z₂ → S₃ मध्ये १ ची प्रतिमा असा घटक हवा, जो दोनदा लागू केला की सगळं जागच्या जागी येतं. असे घटक चार आहेत: काहीच न करणारा, आणि दोन वस्तूंची जागा बदलणारे तीन. ६ आणि २ चा मसावि २ आहे, आणि तरी या दिशेला उत्तर ४ येतं.