मायलेजवाढ आणि इंधनबचतीची टक्केवारी

गाडीचे मायलेज, म्हणजे बोलीत 'ॲव्हरेज', जितके टक्के वाढते तितकेच टक्के इंधन वाचते, ही समजूत चुकीची आहे. मायलेज 25 टक्के वाढले तर इंधन 20 टक्के वाचते. दोन्ही आकडे खरे असतात, पण ते वेगवेगळ्या गोष्टींचे असतात.

नाशिकहून वाशीच्या बाजारात भाजी नेणारा एक पिकअप घेऊ. शेतावरून माल उचलण्यापासून परत येईपर्यंत त्याची एक फेरी 360 किलोमीटरची धरू. आधी ही गाडी लिटरला 12 किलोमीटर जात होती. इंजेक्टर साफ केले, टायरमध्ये हवा नीट भरली आणि आता ती 15 जाते. बारावर तीन वाढले, म्हणजे वाढ 25 टक्के झाली. पूर्वी फेरीला 30 लिटर डिझेल लागायचे, तेव्हा त्याच्या 25 टक्के, म्हणजे साडेसात लिटर वाचतील, असा हिशेब मालक सहज मांडतो. प्रत्यक्षात 360 भागिले 15 म्हणजे 24 लिटर लागतात. वाचतात ते सहा लिटर, तिसातले सहा, म्हणजे 20 टक्के. दीड लिटर कुठे गेले म्हणून चालकावर संशय घेण्याआधी हा भागाकार करून पाहावा.

मग ते 25 टक्के कशाचे? अंतराचे. त्याच 30 लिटरमध्ये गाडी पूर्वी 360 किलोमीटर जायची, आता 450 जाते, म्हणजे 90 किलोमीटर जास्त. लिटरमागे किलोमीटर मोजताना आपण इंधन ठरलेले धरतो आणि अंतर किती वाढले ते पाहतो. किलोमीटरमागे लिटर मोजताना अंतर ठरलेले असते आणि इंधन किती घटले ते दिसते. बाजार काही 90 किलोमीटर पुढे सरकत नाही. फेरी तेवढीच राहते, म्हणून खिशाचा हिशेब दुसऱ्या मापाने करायला हवा. त्या मापाने 100 किलोमीटरला 8.33 लिटर लागत होते, ते 6.67 झाले. ही घट थेट 20 टक्के आहे, वेगळे गणित करावे लागत नाही. युरोपात गाड्यांचा इंधनखर्च याच पद्धतीने सांगतात आणि माझ्या मते गॅरेजच्या बिलावरही तो तसाच लिहावा.

मायलेजच्या वाढीवरून बचत काढायची असेल तर सूत्र असे:

बचत % = वाढ % ÷ (100 + वाढ %) × 100

वाढ 5 टक्के असेल तर बचत सुमारे 4.8 टक्के येते, हा फरक सोडून दिला तरी चालेल. वाढ 50 टक्के असेल तर बचत 33 टक्क्यांच्या आसपास थांबते. मायलेज दुप्पट झाले तरी इंधन निम्मेच वाचते. म्हणूनच कुणी 'मायलेज 40 टक्के वाढेल' म्हणाले तर ते सुमारे 28.6 टक्के बचतीचे बोलणे आहे असे समजावे. उलट बाजूने आकडा फुगतो. तीच गाडी 15 वरून पुन्हा 12 वर आली तर मायलेज 20 टक्केच घटले असे वाटते, पण डिझेल 24 वरून 30 लिटर होते, म्हणजे 25 टक्के जास्त.

कसारा घाटामुळे नाशिककरांच्या हिशेबात आणखी एक चूक शिरते. नाशिक पठारावर आहे आणि वाशी जवळपास समुद्रसपाटीला, त्यामुळे जाताना उतार आणि येताना चढ लागतो. समजा जाताना 15 आणि येताना 12 पडले. दोहोंची सरासरी 13.5 काढणे चुकीचे आहे. जातानाच्या 180 किलोमीटरला 12 लिटर, येतानाच्या 180 ला 15, एकूण 27 लिटर लागले, म्हणजे फेरीचे मायलेज 13.33 झाले. अंतर सारखे असताना मायलेजची सरासरी घेऊ नये, लिटरची बेरीज करावी.

दुरुस्तीचा गुण पाहायचा तर मोजणीही पूर्ण फेरीचीच हवी. निघताना टाकी फुल करावी, नोझल आपोआप कट होताच थांबावे आणि मीटरवरचे किलोमीटर लिहून ठेवावेत. परत आल्यावर त्याच पंपावर, त्याच जागी गाडी लावून पुन्हा तसेच भरावे. दुसऱ्यांदा भरलेले लिटर हाच फेरीचा खर्च. एका फेरीत दोनेक लिटर इकडेतिकडे झाले तर सहा लिटरची बचत चार किंवा आठ दिसू शकते. म्हणून तीन-चार फेऱ्यांचे लिटर आणि किलोमीटर एकत्र जोडून मगच टक्केवारी काढावी. आधीच्या आणि नंतरच्या फेऱ्यांत माल साधारण तितकाच असावा, कारण रिकामी गाडी कोणत्याही दुरुस्तीशिवाय जास्त मायलेज देते.