लाइव्ह व्ह्यू मागे पडतो आणि लाइव्ह व्ह्यू अडखळतो : दोन वेगळे दोष

फोनवरील अ‍ॅपमधून वाय-फायने कॅमेरा चालवताना ‘लॅग येतो’ अशी तक्रार सर्रास केली जाते, परंतु या एका तक्रारीत दोन वेगळे दोष दडलेले असतात. पहिल्या दोषात फोनवर दिसणारे कॅमेऱ्याचे थेट चित्र, म्हणजेच लाइव्ह व्ह्यू, सलग चालते, मात्र प्रत्यक्षापेक्षा ठरावीक अंतराने मागे राहते. दुसऱ्यात ते मध्येच गोठते, मग एकदम उडी मारते, आणि पुढचे काही क्षण अगदी सुरळीत दिसते. पहिल्याचे मूळ बहुधा पाठवायच्या आणि उलगडायच्या माहितीच्या भारात असते, तर दुसऱ्याचे हवेतील अडथळ्यांत.

नाशिकमधलेच उदाहरण घेऊ. रामकुंडावरील संध्याकाळच्या गोदाआरतीसाठी कॅमेरा ट्रायपॉडवर पाण्यालगतच्या पायरीवर ठेवला आहे आणि छायाचित्रकार फोन घेऊन आठ-दहा मीटर मागे, वरच्या पायऱ्यांवर उभा आहे. दुपारी घाट मोकळा असताना याच मांडणीत चित्र नीट येत होते. आरतीच्या गर्दीत मात्र ते थांबत-थांबत येऊ लागते. कॅमेरा, अ‍ॅप आणि फोन तेच असल्यामुळे माहितीचा भार बदललेला नाही, बदलली आहे ती मधली हवा. बहुतेक कॅमेरे स्वतःचे वाय-फाय 2.4 गिगाहर्ट्झवर उभारतात. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीनच, म्हणजे 1, 6 आणि 11, आणि त्याच पट्ट्यात आसपासच्या लोकांचे हॉटस्पॉट आणि ब्लूटूथ इअरफोनही असतात. शिवाय मध्ये उभ्या असलेल्या माणसांची शरीरे या लहरी बऱ्याच प्रमाणात शोषून घेतात. वाटेत हरवलेला तुकडा पुन्हा पाठवावा लागतो आणि तो पोहोचेपर्यंत मागचे तुकडे ताटकळतात, म्हणून चित्र गोठते.

आता भाराचा हिशेब पाहू. लाइव्ह व्ह्यू म्हणजे बहुतांश कॅमेऱ्यांत एकामागोमाग पाठवलेल्या लहान जेपीईजी चित्रांची मालिका असते. समजा, एक चित्र 100 किलोबाइटचे आहे आणि सेकंदाला अशी 20 चित्रे जातात, तर सेकंदाला 2 मेगाबाइट, म्हणजे 16 मेगाबिट माहिती वाहते. प्रिव्ह्यूचा दर्जा उतरवून चित्र 40 किलोबाइटवर आणले की हाच आकडा 6.4 मेगाबिटवर येतो. जुन्या फोनला प्रत्येक चित्र उलगडून दाखवण्याचे कामही त्यामुळे हलके होते. कार्डावर साठणाऱ्या छायाचित्राच्या दर्जावर याचा काहीही परिणाम होत नाही. झळ बसते ती फोनवर फोकस बारकाईने तपासण्याला.

घोटाळा इथेच होतो. दर्जा उतरवल्याने गर्दीतील अडखळणेही थोडे कमी होते, कारण कमी माहितीला हवेत कमी वेळ लागतो. त्यावरून दोष दर्जातच होता असा निष्कर्ष काढला जातो आणि खरे कारण तसेच राहते. माझ्या मते दर्जाला हात लावण्याआधी एक परीक्षा करावी. दुसऱ्या एखाद्या फोनवर स्टॉपवॉच लावून कॅमेरा त्याच्याकडे रोखावा आणि दोन्ही पडदे एका तिसऱ्या फोनच्या छायाचित्रात चार-पाच वेळा टिपावेत. दोन्ही पडद्यांवरील वेळेतला फरक प्रत्येक वेळी साधारण तेवढाच, समजा अर्धा सेकंद, आला तर दोष भाराचा आहे. तो एकदा पाव सेकंद आणि एकदा दीड सेकंद असा हेलकावत असेल, आणि फोन कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर आणताच स्थिर होत असेल, तर दोष हवेचा.

हवेचा दोष असल्यास कॅमेऱ्यात 5 गिगाहर्ट्झची सोय आहे का ते आधी पाहावे. तिथे गर्दी कमी असते, मात्र त्या लहरी अडथळ्यांपलीकडे कमी पोहोचतात. ती सोय नसेल तर जागा बदलणे हाच सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो: ट्रायपॉड उंच करावा, फोन छातीशी न धरता कॅमेरा थेट दिसेल असा पुढे धरावा आणि स्वतःचा ब्लूटूथ इअरफोन बंद ठेवावा. गोदाकाठी पायरीला टेकलेला बुटका ट्रायपॉड आणि त्यापुढून येणारी-जाणारी माणसे, ही मांडणी सिग्नलसाठी जवळजवळ सर्वांत वाईट म्हणावी लागेल.

या दोहोंत न बसणाऱ्या दोन गोष्टी परीक्षेत फसवतात. प्रत्येक क्लिकनंतरच चित्र काही सेकंद थांबत असेल, तर अ‍ॅप टिपलेले छायाचित्र आपोआप फोनवर उतरवत असण्याची शक्यता मोठी आहे. ते बंद करावे. अंधारात, मंद शटर ठेवल्यावर चित्र रेंगाळत असेल, तर बऱ्याच कॅमेऱ्यांत लाइव्ह व्ह्यूचा वेगच कमी झालेला असतो; तिथे वाय-फायचा संबंध नसतो आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरही तीच रेंगाळ दिसते.

वाय-फायवरचा थोडा उशीर मात्र उत्तम परिस्थितीतही राहतोच. म्हणून दिव्यांची ज्योत वर जाण्याचा नेमका क्षण फोनवर पाहून टिपू नये. फोनवर चौकट आणि फोकस ठरवून घ्यावा, आणि बटण प्रत्यक्ष आरतीकडे पाहत दाबावे.