एमएसला पाणी पाजलं तरी ५५ का येत नाही?

चलनावर नुसतं 'एमएस, हार्ड करणे, ५५ एचआरसी' लिहून आलेला जॉब आम्ही भट्टीत घालत नाही. आधी फोन करतो. त्यात तुमचा अर्धा दिवस जातो हे आम्हाला कळतं, पण जॉब तापवून, वाकवून परत देण्यापेक्षा ते बरं.

काउंटरवर तीन तुकडे ठेवलेत, येऊन हातात घ्या. तिन्ही १२ मिमीच्या एकाच एमएस बारचे, कार्बन ०.१८ टक्के. पहिला आला तसाच आहे. दुसरा ९०० अंशांवर अर्धा तास ठेवून ढवळत्या पाण्यात बुडवला. तिसऱ्याला तसंच पाणी पाजून नंतर ५५० अंशांवर तासभर टेंपर केलं. पहिला ७२ एचआरबी भरला, दुसरा ३४ एचआरसी, तिसरा ९४ एचआरबी. कानस मारून बघा: पहिल्यावर ती लोण्यासारखी चालते, दुसऱ्यावर जोर लावावा लागतो, पण तिथेही धरतेच. ५५ च्या पुढच्या जॉबवरून कानस घसरते.

म्हणजे पाण्याने कडकपणा वाढला, पण ५५ पर्यंत पोहोचला नाही. पोहोचणारही नाही, कारण पाणी पाजल्यावर किती कडकपणा येईल याची कमाल मर्यादा कार्बन ठरवतो. एवढ्या कार्बनला ती पंचेचाळिसाच्या आसपास, आणि तीही अगदी पातळ जॉबला. जाड बारचा गाभा तेवढा झटकन थंड होत नाही, मग आकडा आणखी खाली येतो. 'टेंपर मारून कडक करा' असंही बरेच जण सांगतात. टेंपरने कडकपणा उतरतो आणि ठिसूळपणा जातो, हे तिसरा तुकडा दाखवतोच.

आमचा रिपोर्ट आणि तुमच्याकडची तपासणी जुळत नाही, तेव्हा बहुतेक वेळा काळी पापुद्री न काढताच मोजलेलं असतं. पापुद्रीखालच्या थरातला कार्बनही जळालेला असतो, म्हणून आकडा कमी येतो. आम्ही ०.३ मिमी घासून, सपाट जागेवर तीन ठसे घेऊन सरासरी काढतो. गोल पृष्ठभागावर थेट मोजलं तरी आकडा कमीच दिसतो. आणि २० च्या खाली सी स्केलवर विसंबू नका, तिथे बी स्केल लावा.

घासणाऱ्या पिनेला ५५ हवेच असतील तर दोन वाटा आहेत. एमएसच ठेवून केस हार्डनिंग करा: ९२० अंशांवर साधारण ०.८ मिमी खोल कार्बन भरून पाणी पाजलं की वरचा थर ५८ ते ६० होतो, गाभा चिवट राहतो. त्यासाठी ग्राइंडिंग अलाउन्स आधीच सोडा. नाहीतर मटेरियलच ईएन-८ घ्या आणि इंडक्शन करून घ्या. दोन्ही कामं आमच्याकडे होतात.

जॉबसोबत त्याच बारचा बोटभर तुकडा पाठवा. ठिणगीवरून आणि एक तुकडा बुडवून आम्ही आधी सांगू, त्याचे पैसे लावत नाही.