जुलाबाची गोळी हृदयाच्या ठोक्यांपर्यंत कशी पोहोचली

प्रवासाला निघताना जुलाबासाठी म्हणून जी 2 मिलिग्रॅमची गोळी आपण जवळ ठेवतो, ती बहुतेक वेळा लोपेरामाइडची असते. 1969 साली बेल्जियममधल्या यान्सेन कंपनीत हे औषध तयार झालं. जात अफूचीच. अफूने पोट बांधलं जातं हे जुनं ज्ञान. तेवढा गुण घ्यायचा आणि नशा टाळायची, हा हेतू. तो साधलाही, कारण मेंदूच्या वेशीवर पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा जणू एक पंपच असतो आणि आत शिरू पाहणारं लोपेरामाइड तो परत रक्तात ढकलतो.

याच भरवशावर अमेरिकेने 1982 मध्ये त्याला नियंत्रित औषधांच्या यादीतून वगळलं आणि 1988 पासून ते तिथे चिठ्ठीशिवाय मिळू लागलं. मर्यादा दिवसाला 8 मिलिग्रॅम, म्हणजे चार गोळ्या. डॉक्टरांच्या देखरेखीखाली 16.

पुढे तिथे अफूजन्य वेदनाशामकांचं व्यसन पसरलं. ती गोळी सुटली की पोटात मुरडा येतो, जुलाब लागतात, घाम फुटतो, झोप उडते. हे व्यसन सोडवायला मेथडोन हे औषध देतात, पण त्याचा उपचार घ्यायचा तर दवाखाना हवा, पैसा हवा आणि लोकांच्या नजरा सोसायची तयारी हवी. दुकानात मात्र लोपेरामाइडच्या दोनशे गोळ्यांची बाटली स्वस्तात मिळायची. म्हणून त्याला ‘गरिबांचं मेथडोन’ म्हणू लागले. काहींनी ते नशेसाठीही घेतलं, कारण डोस प्रचंड झाला की तो पंप पुरा पडत नाही. पण यातले कितीतरी जण केवळ त्या यातनांतून सुटू पाहत होते, हे मला विसरवत नाही.

प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशी पोटॅशियम बाहेर सोडून पुढच्या ठोक्यासाठी सज्ज होतात. लोपेरामाइड फार साचलं की पोटॅशियमची ही वाटच अडते. ईसीजीवर क्यूटी अंतर, म्हणजे ठोका सुरू झाल्यापासून हृदय पुन्हा सज्ज होईपर्यंतचा वेळ, लांबतं. एरवी ते साधारण 440 मिलिसेकंदांच्या आत असतं, इथे 500 च्या पुढे जातं. मग एखादा ठोका अवेळी पडतो, हृदय नुसतं थरथरतं आणि माणूस कोसळतो.

असा तरुण रुग्ण दवाखान्यात आला की आधी फिटची शंका येते. लघवीच्या नेहमीच्या तपासणीत अफूजन्य औषधांचा मागमूस नसतो, कारण ती तपासणी लोपेरामाइड पकडतच नाही. अफूजन्य औषधांवर उतारा म्हणून देतात त्या नालोक्सोनने मंदावलेला श्वास सुधारतो, ठोके सुधारत नाहीत. त्यासाठी शिरेतून मॅग्नेशियम द्यावं लागतं, गरज पडली तर तात्पुरत्या पेसमेकरने ठोक्यांची गती वाढवावी लागते. औषध शरीरातून हळू उतरतं, म्हणून मॉनिटर कित्येक दिवस काढता येत नाही. आणि पोटासाठी कुठली गोळी घेता, किती घेता, हे न रागावता विचारल्याशिवाय कारण सहसा सापडत नाही.

2016 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने याबाबत जाहीर इशारा दिला. 2019 मध्ये तिथे चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोळ्यांच्या खोक्यावर 48 मिलिग्रॅमची, म्हणजे चोवीस गोळ्यांची मर्यादा आली. त्याही आता बाटलीतून ओतून घेता येत नाहीत. पट्टीतून एकेक सोडवावी लागते.