तीनशे पन्नासावे वर्ष आणि पूर्ण झालेली तीनशे पन्नास वर्षे

शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक रायगडावर शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, म्हणजे ६ जून १६७४ रोजी झाला. त्याचा ३५०वा सोहळा त्याच तिथीला, २ जून २०२३ रोजी साजरा झाला. २०२३ मधून १६७४ वजा केले की ३४९ उरतात, त्यामुळे सोहळा एक वर्ष आधीच उरकला की काय, असा प्रश्न हिशेबी माणसाला पडणे साहजिक होते. प्रत्यक्षात तेथे चूक नव्हती. राज्याभिषेकाबरोबर महाराजांनी स्वतःचा शक सुरू केला आणि त्यानंतरच्या पत्रांवर 'राज्याभिषेक शक १' असा उल्लेख येऊ लागला. वर्ष सरण्याची वाट न पाहता राज्याभिषेकाच्या दिवसापासूनच पहिले वर्ष चालू झाले, असा हा हिशेब आहे. त्यानुसार ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला २०२३ मध्ये ३५०वे वर्ष सुरू झाले आणि २०२४ च्या त्याच तिथीला ३५० वर्षे पूर्ण झाली. सोहळा कोणत्या गोष्टीचा, एवढे सांगितले की दोन्ही वर्षे आपापल्या जागी बरोबर ठरतात.

घोटाळा होतो तो हे दोन हिशेब एकमेकांत मिसळल्यावर. एका हिशेबात चालू वर्षाला क्रमांक दिला जातो. त्यात सुरुवात एकपासून होते, कारण 'शून्यावे' असे काही नसते. दुसऱ्या हिशेबात सरलेली वर्षे मोजली जातात. तेथे सुरुवातीच्या दिवशी शून्य वर्षे झालेली असतात आणि एक हा आकडा पहिल्या वाढदिवसाला येतो. भारतीय ज्योतिषगणितात या भेदासाठी 'वर्तमान' आणि 'गत' अशी नावे पूर्वीपासून आहेत, आणि शिलालेखाचा काळ ठरवताना त्यातील शकवर्ष गत आहे की वर्तमान, हे अभ्यासकाला आधी तपासावे लागते. घरातही आपण पंचाहत्तरीत पदार्पण आणि पंचाहत्तरी पूर्ण होणे यांत फरक करतोच. समारंभाची पत्रिका छापताना मात्र तो फरक हरवतो.

स्वातंत्र्यदिनाचा दरवर्षीचा वाद याच कारणाने होतो. १५ ऑगस्ट १९४७ हा पहिला स्वातंत्र्यदिन धरला, तर १५ ऑगस्ट २०२२ हा ७६वा स्वातंत्र्यदिन ठरतो, पण त्या दिवशी स्वातंत्र्याला ७५ वर्षे पूर्ण झाली. दोन्ही विधाने खरी आहेत. वर्षातून एकदाच होणाऱ्या कोणत्याही उत्सवाला हेच लागू पडते. समजा, एखाद्या मंडळाने पहिला गणपती १९२६ मध्ये बसवला आणि त्यानंतर एकदाही खंड पडला नाही. तर त्याचा शंभरावा उत्सव २०२५ मध्ये आला आणि मंडळाची शंभर वर्षे २०२६ मध्ये पूर्ण होतात. हाताची बोटे पाच असली तरी त्यांच्यामधली अंतरे चारच असतात, तसाच हा प्रकार आहे: उत्सव ही बोटे आणि वर्षे ही मधली अंतरे. २०२६ च्या कमानीवर 'शंभरावा गणेशोत्सव' असे लिहिले तर ते चूक ठरेल, आणि २०२५ च्या कमानीवर 'शंभर वर्षे पूर्ण' असे लिहिले तर तेही चूकच.

इसवी सन हा राज्याभिषेक शकासारखा, चालू वर्षांना क्रमांक देणारा आहे. ही पद्धत इ.स. ५२५ च्या सुमारास रोममध्ये डायोनिसियस एक्झिगुअस नावाच्या भिक्षूने मांडली. ईस्टरचा सण कोणत्या तारखेला येतो, याचे पुढील वर्षांचे कोष्टक तो तयार करत होता. आधीच्या कोष्टकात वर्षे डायोक्लेशियन या रोमन सम्राटाच्या कारकिर्दीपासून मोजली होती. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या सम्राटाचे नाव सणाच्या कोष्टकात नको, म्हणून त्याने येशूच्या अवतरणापासूनची वर्षे घेतली आणि आपले कोष्टक ५३२ पासून सुरू केले. येशूच्या जन्माचे त्याने धरलेले वर्ष अचूक नव्हते, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात, पण त्याने आपल्या प्रश्नात फरक पडत नाही. सनाचे पहिले वर्ष १ आहे आणि त्याच्या लगेच आधीचे वर्ष इ.स.पू. १ आहे, मध्ये शून्य वर्ष नाही.

युरोपला शून्य ठाऊक नव्हते म्हणून शून्य वर्ष राहून गेले, असे स्पष्टीकरण पुष्कळदा वाचायला मिळते. ते मला पुरेसे वाटत नाही. डायोनिसियसच्या त्याच कोष्टकात चंद्राच्या वयाचा एक स्तंभ आहे आणि जेथे काही उरत नाही तेथे त्याने 'काही नाही' या अर्थाचा लॅटिन शब्द लिहिला आहे. रिकाम्या जागेची कल्पना त्याला होती. राजाच्या कारकिर्दीचे 'पहिले वर्ष, दुसरे वर्ष' असे मोजण्याची रोमन सवय त्याने पुढे चालवली, इतकेच. अशा मोजणीत शून्याला जागाच नसते, मग मोजणारा शून्य जाणणारा असो वा नसो. रायगडावरचा शकही एकपासूनच सुरू झाला होता.

एकदा हे मान्य केले की शतकाचा प्रश्न फारसा उरत नाही. पहिले शतक म्हणजे पहिली शंभर वर्षे, म्हणजे १ ते १००. दुसरे १०१ पासून. त्यामुळे १९०० हे वर्ष एकोणिसाव्या शतकातले शेवटचे आणि २००० हे विसाव्या शतकातले शेवटचे ठरते. एकविसावे शतक १ जानेवारी २००१ रोजी सुरू झाले. पटकन काढायचे असेल तर वर्षातून एक वजा करावा, शेवटचे दोन अंक सोडून द्यावेत आणि उरलेल्या संख्येत एक मिळवावा. १९०० चे १८९९ होतात, १८ उरतात, एक मिळवला की एकोणिसावे. १९०१ चे १९०० होतात, १९ उरतात, म्हणजे विसावे. एक आधी वजा न करता थेट अंक सोडण्याची घाई केली की शंभरने भाग जाणारी वर्षे नेमकी चुकतात. बाकीची ९९ वर्षे बरोबर येत असल्याने चूक लक्षातही येत नाही.

नियम सोपा असूनही लोकांनी तो फारसा जुमानलेला नाही. जर्मनीत कैसर दुसऱ्या विल्हेल्मच्या राजवटीने नवे शतक १ जानेवारी १९०० पासूनच अधिकृतपणे सुरू झाल्याचे मानले. शंभर वर्षांनी ग्रीनिचच्या वेधशाळेने आणि अमेरिकेच्या नौदल वेधशाळेने २००१ हेच वर्ष बरोबर असल्याचे सांगितले, तरी जगाने आतषबाजी ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्रीच केली. चारही अंक एकदम बदलताना पाहण्याची हौस मी समजू शकतो. तसेच 'नव्वदचे दशक' म्हणताना आपण १९९० ते १९९९ ही वर्षे घेतो, तीही चूक नव्हे, कारण तेथे आपण अंकांवरून नाव देतो, क्रमांक मोजत नाही. मात्र 'विसावे' म्हटले की तो क्रमांक झाला आणि त्याची सुरुवात कोठून, याचे उत्तर द्यावेच लागते.

खरी गंमत सनाची सीमा ओलांडताना होते. रोमन सम्राट ऑगस्टसचा जन्म २३ सप्टेंबर, इ.स.पू. ६३ चा. त्याला २००० वर्षे कधी झाली? इ.स.पू. ६३ पासून इ.स.पू. १ पर्यंतच्या त्या तारखेला ६२ वर्षे होतात. पुढच्याच वर्षी, इ.स. १ मध्ये, ६३ होतात. तेथून १९३७ पर्यंत आणखी १९३६, म्हणजे एकूण १९९९. दोन हजार पूर्ण होतात ते २३ सप्टेंबर १९३८ रोजी. ६३ आणि १९३७ यांची सरळ बेरीज २००० येते, पण सीमेवर शून्य वर्ष नसल्याने त्या बेरजेतून एक वजा करावा लागतो.

मुसोलिनीच्या इटलीत या शतसांवत्सरिकांना राजकीय महत्त्व होते, म्हणून तेथील तारखा पाहण्यासारख्या आहेत. कवी व्हर्जिलचा जन्म इ.स.पू. ७० चा, त्याची द्विसहस्राब्दी १९३० मध्ये साजरी झाली आणि त्यानिमित्त टपाल तिकिटे निघाली. वरच्या हिशेबाने ती १९३१ मध्ये यायला हवी होती. होरेसचा जन्म इ.स.पू. ६५ चा आणि त्याची तिकिटे १९३६ ची. हे वर्ष बरोबर आहे. ऑगस्टसच्या नावाचे भव्य प्रदर्शन २३ सप्टेंबर १९३७ रोजी उघडले. जन्माला २००० वर्षे झाल्याचा तो दिवस नव्हता, पण दोन हजारावे वर्ष त्या दिवशी सुरू झाले, असे म्हणता येते. ऑगस्टसच्या काळातील 'आरा पाचिस' या पुन्हा उभारलेल्या वेदीचे उद्घाटन मात्र २३ सप्टेंबर १९३८ रोजी, म्हणजे नेमक्या दिवशी झाले.

खगोलशास्त्रज्ञांना अशी सीमा परवडत नाही, कारण त्यांना हजारो वर्षांतील ग्रहणांची अंतरे वजाबाकीने काढायची असतात. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाक कासिनी याने १७४० च्या आपल्या कोष्टकांत इ.स.पू. १ ला शून्य वर्ष मानले, मग इ.स.पू. २ हे उणे १, आणि याप्रमाणे मागे. याचा दुसरा फायदा लीप वर्षांत दिसतो. ज्युलियन कॅलेंडर मागे नेले तर लीप वर्षे इ.स.पू. १, ५, ९ अशी येतात, तीच खगोलीय पद्धतीत ०, उणे ४, उणे ८ होतात आणि चारने भाग जाण्याचा नियम अखंड राहतो. शालिवाहन शकात हा प्रश्न मुळातच नाही, कारण तो प्रायः गत वर्षांनी मोजला जातो. त्याच्या आरंभी, इ.स. ७८ मध्ये, सरलेली वर्षे शून्य होती, आणि म्हणूनच वर्षारंभी शकात ७८ मिळवले की थेट इसवी सन मिळतो: १५९६ आणि ७८ मिळून १६७४.

मात्र दोन पद्धती शेजारी आल्या की नवी चूक शिरते. थेलिसशी जोडले जाणारे प्रसिद्ध सूर्यग्रहण २८ मे, इ.स.पू. ५८५ चे आहे, आणि ग्रहणांच्या खगोलीय यादीत त्याचे वर्ष −५८४ असे छापलेले असते. उणे चिन्हाच्या जागी कोणी 'इ.स.पू.' लिहिले की ग्रहण एक वर्ष पुढे सरकते. असा आकडा तपासायचा असेल तर वजा चिन्ह आहे की 'इ.स.पू.' ही अक्षरे, ते आधी पाहावे. चिन्ह असेल तर सरळ वजाबाकी करावी, अक्षरे असतील तर बेरजेतून एक कमी करावा. मॅरेथॉनची लढाई इ.स.पू. ४९० ची, म्हणजे −४८९ ची. २५०० मिळवले की २०११ येते. अथेन्सच्या मॅरेथॉन शर्यतीने लढाईची २५०० वर्षे २०१० मध्येच साजरी केली. दहा वर्षांनंतर सलामिसच्या लढाईचा, इ.स.पू. ४८० चा, समारंभही ग्रीसने २०२० सालीच ठरवला होता. तेव्हा २४९९ वर्षे झाली होती.